खोकल्याचं औषध नाही, तर मग लेकराला द्यायचं काय?

*मॅडम, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, वजन 11 किलो. पाच दिवस झाले सर्दी-खोकला आहे, पहिले दोन दिवस तापही होता. गावात डॉक्टर नाही म्हणून तालुक्याच्या मेडिकलमधून दोन बाटल्या आणल्या. एकीवर पॅरासिटामॉल 125, फेनिलेफ्रिन 5, क्लोरफेनिरामिन 1 असं लिहिलं आहे, दुसरीवर पॅरासिटामॉल 250. दोन्ही 5-5 मिली दिवसातून तीनदा द्यायला सांगितल्या. दोन दिवस दिल्या. पोरगा नुसता झोपून राहतो, खोकला तसाच. तिकडे छिंदवाड्याचं ऐकल्यापासून हात थरथरतो. आशाताई म्हणतात बाटली देऊच नका. सासूबाई म्हणतात, “औषधाबिगर लेकरू बरं होईन काय?” कोणाचं ऐकू?*
— एक आई, आर्वी तालुका

ताई, आशाताईंचं ऐका. तुमचा मेसेज दुपारी वाचला आणि त्यातले आकडे बघून मी लगेच तुम्हाला फोन लावला, ते तुम्हाला माहीतच आहे. पण असे आकडे लिहिलेल्या दोन-दोन बाटल्या आज किती घरांत कोनाड्यात उभ्या असतील, म्हणून आपलं फोनवरचं बोलणं सगळ्यांसाठी इथे लिहिते.

आधी तुमच्या बाटल्यांचा हिशोब. सर्दीच्या बाटलीत सर्दीचंच औषध असतं असा आपला समज. तुम्ही नावं वाचून पाठवलीत म्हणून दिसलं, की पॅरासिटामॉल दोन्हींत आहे. एका वेळी सर्दीच्या बाटलीतून 125 मिलिग्रॅम गेलं, तापाच्या बाटलीतून 250. म्हणजे 375. लेकराला तापासाठी पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम देतात. 11 किलोच्या पोराला जास्तीत जास्त 165. तुमच्या मुलाच्या पोटात दर वेळी त्याच्या दुपटीहून जास्त गेलं आणि दिवसभरात सव्वाअकराशे. दिवसाची मर्यादा साडेसहाशेच्या आसपास धरतात. हे असंच चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत चाललं असतं तर यकृताला इजा होण्याची भीती होती. म्हणून मी तुम्हाला दोन्ही बाटल्या पिशवीत घालून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जायला सांगितलं. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला हे ऐकून मलाही हायसं वाटलं.

यात तुमची काही चूक नाही. मेडिकलवाल्यानं वजन विचारलं नाही, आणि बारीक अक्षरातली नावं वाचून बेरीज करणं हे आईचं काम नव्हे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः अशाच दोन बाटल्या एका चिठ्ठीवर लिहिल्या आहेत. एका आजीनं रात्री परत येऊन विचारलं, “बाई, दोन्हीत एकच नाव हाये, मंग दोन कायले?” त्या आजी चौथी शिकलेल्या होत्या. तेव्हापासून मी चिठ्ठी लिहिताना एकेक नाव मोठ्यानं वाचते.

आता मुलगा झोपून का राहत होता ते सांगते. क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीचं जुनं औषध. त्यानं गुंगी येते आणि नाकातलं पाणी आटतं. आपल्याला वाटतं सर्दी सुकली, बरं झालं. पण शेंबूड पातळ असतो तेव्हा तो वाहून जातो, सुकला की चिकट होऊन आतच अडकतो आणि लेकराला तो बाहेर काढता येत नाही. फेनिलेफ्रिन नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या आवळतं म्हणून देतात. लहान मुलांत त्याचा फायदा दिसलेला नाही, उलट छातीत धडधड होते, काही पोरं चिडचिडी होऊन रात्रभर जागी राहतात. ही दोन औषधं मिळून असलेली बाटली चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नये आणि तसा इशारा लेबलवर छापावा, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे. तुमची बाटली पुन्हा हातात घेऊन बघा, इशारा कुठेतरी बारीक अक्षरात असायला हवा.

कोरड्या खोकल्याच्या बाटल्यांत बहुतेक वेळा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. ते मेंदूतली खोकल्याची उबळ दाबतं. पण सव्वादोन वर्षांच्या पोराला कफ खाकरून थुंकता येत नाही. खोकला हाच त्याचा कफ वर आणायचा एकमेव मार्ग. तो दाबला तर कफ जाणार कुठे? आणि डोस जास्त गेला तर श्वासही मंदावू शकतो. साधी सर्दी विषाणूची असते. ती बाटली दिली तरी दहा-बारा दिवस घेते, नाही दिली तरी तितकेच घेते. खोकला त्याहून थोडा मागे रेंगाळतो, कधी तीन आठवडेही. लहान मुलांवर या औषधांच्या चाचण्या झाल्या तेव्हा साखरेच्या पाण्यापेक्षा ती काही वरचढ ठरली नाहीत.

छिंदवाड्याबद्दल विचारलंत. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासिया भागातली वीसहून अधिक लेकरं गेली. त्यातली बरीच उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. म्हणून विदर्भात ते कुणी पेपरातली दूरची बातमी म्हणून वाचलं नाही. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपमधली औषधं तुमच्या पहिल्या बाटलीतलीच होती, पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. पण पोरं त्या औषधांनी गेली नाहीत. औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवात डायइथिलिन ग्लायकॉल नावाचं कारखान्यात वापरायचं रसायन निघालं. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या बॅचमध्ये ते 48 टक्क्यांहून जास्त सापडलं, म्हणजे जवळपास अर्धी बाटली. ते चवीला गोड असतं, रंग नाही, वास नाही. घरी बसून ते ओळखायचा कोणताही मार्ग नाही. ते मूत्रपिंड बंद पाडतं. आधी उलट्या, मग लघवी कमी होत जाते आणि थांबते. कुठलंही सिरप घेतलेल्या लेकरानं सात-आठ तास लघवी केली नाही तर वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि बाटली सोबत न्यायची.

तुमची बाटली दूषित आहे असं मी म्हणत नाही, हात थरथरायचं कारण नाही. म्हणणं इतकंच, की फायदा शून्य असेल तर लहानसा धोकाही कशासाठी पत्करायचा? 3 ऑक्टोबर 2025 ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं सगळ्या राज्यांना हेच लिहून पाठवलं. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहूच नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत. पाचच्या वरही तपासून, कमी दिवस आणि एका वेळी अनेक औषधं न मिसळता. आशाताई जे म्हणाल्या ते यातूनच आलं आहे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण तो खरा प्रश्न आहे. लेकरू रात्री कुरकुरतंय, घरात सगळे जागे आहेत, अशा वेळी “काहीच देऊ नका” हे उत्तर कुणाला पटणार? देण्यासारखं आहे, पण ते बाटलीत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग नाक मोकळं करण्याचा. लहान पोरांचा रात्रीचा खोकला पुष्कळदा छातीतला नसतोच. आडवं झोपलं की नाकातला शेंबूड मागच्या मागे घशात उतरतो आणि ठसका लागतो. त्यासाठी मेडिकलमधून मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब आणा, सलाईन नेझल ड्रॉप्स म्हणा. लेबलवर फक्त सोडियम क्लोराइड 0.65 टक्के असं असलं पाहिजे. हे नीट वाचून घ्या, कारण तशाच चिमुकल्या बाटलीत ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंबही मिळतात. ते मोठ्यांच्या चोंदलेल्या नाकाचे. तान्ह्या आणि लहान बाळांना त्यानं गुंगी येऊन श्वास मंदावल्याची उदाहरणं आहेत. थेंब मिळाले नाहीत तर एक कप पाणी खळखळून उकळा, निवू द्या, त्यात पाव टीस्पून मीठ विरघळवा. सिरपसोबत येणारा 5 मिलीचा चमचा असतो, तो सपाट भरल्यावर त्याचा चौथा हिस्सा. याहून जास्त मीठ घातलं तर नाक चुरचुरतं. झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी नवीन करा.

पोराला मांडीवर आडवं घ्या, डोकं किंचित मागे. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब. एक मिनिट तसंच धरा, शेंबूड पातळ व्हायला तेवढा वेळ लागतो. मग जुन्या धुतलेल्या धोतराचा कोपरा पिळून वात करा, नाकपुडीच्या तोंडाशी धरून शेंबूड टिपून घ्या. आत खुपसू नका, कापूस लावलेली काडी तर नकोच. जेवणाआधी आणि झोपण्याआधी हे करा. पहिल्या दिवशी पोरगा रडून घर डोक्यावर घेईल, पण त्या रात्री झोपेल.

दुसरं मध. तुमचा मुलगा वर्षाच्या वर आहे म्हणून त्याला चालतं. झोपायच्या अर्धा तास आधी अर्धा टीस्पून, नुसता किंवा दोन घोट कोमट पाण्यात. दिवसा वाटलं तर आणखी एकदा-दोनदा. रात्रीचा खोकला त्यानं थोडा कमी होतो, हे तपासून बघितलेलं आहे. त्यानंतर दात पुसून घ्या. पण घरात वर्षाखालचं बाळ असेल तर त्याच्या ओठालाही मध लावायचा नाही. जन्मघुटीत मध चाटवायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि मेळघाटातला जंगलातला असला की आजीचा भरवसा आणखीच वाढतो. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट ते पचवतं, बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मध उकळला तरी ते मरत नाहीत.

कोमट वरणाचं पाणी, पेज, सूप, जे पोटात जाईल ते थोडं थोडं पण वारंवार द्या. अंगावर पीत असेल तर पाजणं वाढवा. केळं आणि दही बंद करायची गरज नाही. ताप पुन्हा आला आणि पोरगा मलूल दिसला तरच पॅरासिटामॉल, तेही एकाच बाटलीतून. तुमच्याकडची 250 वाली ठेवा, पण मात्रा 3 मिली, म्हणजे 150 मिलिग्रॅम. दोन डोसांत सहा तासांचं अंतर आणि दिवसात चारच्या वर नाही. ताप नसताना सर्दीसाठी म्हणून देऊ नका. आणि आधी रक्त तपासलेल्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू करायला हो म्हटलं पाहिजे.

सासूबाईंच्या हातच्या उपायांतले काही राहू द्या. छातीला कोमट तिळाचं तेल चोळणं, ओव्याची पोटली आधी आपल्या मनगटावर लावून बघून उशाशी ठेवणं, यात वाईट काही नाही, लेकराला आजीचा हात लागतो तो वेगळाच. कापूर मात्र नाही. तेलात घातलेला असो की पोटलीत बांधलेला, कापूर थोडा जरी पोटात गेला तरी लहान पोराला झटके येतात. नाकात तेल सोडायचं नाही, ते फुप्फुसात उतरतं. गरम पाण्याच्या भगोण्यावर धरून वाफ देऊ नका. पोरगा हात मारतो, भगोणं उलटतं. मी सर्दीसाठी आणलेली आणि भाजलेली पोरं बघितली आहेत.

ओवा-लसणाची धुरीही बंद करा. आणि घर एकदा पोराच्या नाकानं बघा. तुम्ही लिहिलं नाही, पण फोनवर कळलं की स्वयंपाक पऱ्हाटीवर होतो आणि पोरगा चुलीपाशीच खेळतो. शिवाय परवाच थ्रेशर लागला होता, कुटार अंगणात पडलं आहे. सर्दीनं सुजलेल्या श्वासनलिकेला हा धूर आणि ही धूळ रोज नवीन खरचटते. चूल पेटली असेल तेवढा वेळ पोराला ओसरीवर कुणाजवळ तरी ठेवा, कुटार घराच्या वाऱ्याच्या दिशेत साठवू नका. बिडीही अंगणाच्या बाहेर.

आता जे काम मी तुमच्याकडून फोनवर करून घेतलं ते. बाटली बंद केल्यावर आईच्या मनात एकच भीती राहते, हा साधा खोकला आहे की आपल्याकडे ज्याला डब्बा म्हणतात तो, म्हणजे न्यूमोनिया? ही भीती रास्त आहे. आणि याचं उत्तर घरीच, एका मिनिटात मिळतं.

पोरगा शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याचा सदरा छातीवर सरकवा. नाक आधी साफ केलेलं असावं, ताप फणफणलेला नसावा, नाहीतर आकडा उगाच वाढतो. पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलमधलं टायमर लावून पूर्ण 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान पोरांचा श्वास कधी भरभर तर कधी सावकाश चालतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा जास्त म्हणजे जोरात श्वास. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात 50 किंवा जास्त, दोन महिन्यांच्या आतल्याला 60 किंवा जास्त. आकडा वर आला तर थोडं थांबून पुन्हा मोजा. पुन्हा तसाच आला तर त्याच दिवशी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. न्यूमोनियाचं औषध अमॉक्सिसिलिन आहे आणि ते तिथे फुकट मिळतं. खोकल्याची कुठलीही बाटली न्यूमोनिया बरा करत नाही, ती फक्त दोन दिवस वाया घालवते.

हे काही दवाखान्यातलं गुपित नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या सर्च संस्थेनं अक्षरओळख नसलेल्या गावातल्या दायांनाही श्वास मोजायला शिकवलं, त्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं साधन बनवलं. त्या दाया न्यूमोनिया ओळखू शकल्या, तर तुम्हीही ओळखू शकता.

तुम्ही फोन स्पीकरवर ठेवलात, मी घड्याळ धरलं आणि तुम्ही मोजत गेलात. पहिल्यांदा 44 आला आणि तुमचा आवाज बदलला. पण तेव्हा पोरगा नुकताच रडून थांबला होता आणि नाक गच्च होतं. थेंब टाकून, वीस मिनिटांनी झोपेत पुन्हा मोजलं तेव्हा 34. छाती आत ओढली जात नव्हती. म्हणून मी म्हटलं की हा डब्बा नाही, पण जास्त गेलेल्या पॅरासिटामॉलसाठी दवाखान्यात जायचंच आहे.

छाती ओढणं म्हणजे काय तेही बघून ठेवा. श्वास आत घेताना बरगड्यांचा खालचा भाग फुगायच्या ऐवजी आत खोल जातो, आपण म्हणतो पोट उडतंय. हे दिसलं, किंवा पोरगा पाणीसुद्धा पीत नसेल, प्यायलेलं सगळं उलटून टाकत असेल, हाक मारून उठत नसेल, झटका आला, ओठ निळसर झाले किंवा शांत असतानाही श्वास घेताना घशातून आवाज येत असेल, तर श्वास मोजत बसू नका. 108 ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला किंवा त्यानं दूध ओढणं सोडलं तरी हेच.

तुमच्याकडे पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ एकदा श्वास मोजा आणि आकडा कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहा. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टरांना तुमच्या सांगण्यापेक्षा ते आकडे जास्त सांगतील. खोकला तिसरा आठवडा ओलांडून गेला, वजन घटलं, किंवा घरात-शेजारी कुणाला टीबी असेल, तर तपासणी वेगळी करावी लागते, तेव्हा थांबू नका. रात्री किंवा पळाल्यावर शिट्टीसारखा आवाज येऊन खोकला पुन्हा पुन्हा होत असेल तर तो दम्याकडे झुकलेला असू शकतो. त्याचंही औषध आहे, पण ते पंपातून श्वासावाटे द्यायचं असतं.

सर्दीची ती बाटली पुढच्या वेळेसाठी कोनाड्यात ठेवू नका, धाकट्या जावेच्या बाळाला तर देऊच नका. पुन्हा दवाखान्यात जाल तेव्हा तिथेच परत द्या. आणि सासूबाईंना थेंब टाकायचं काम द्या. पोरगा तुमच्यापेक्षा त्यांच्या मांडीवर कमी रडतो, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत.